दुपारनंतर झुकणारी पापणी

या पुस्तिकेतले सगळे प्रश्न शरीरातल्या एकाच जागेभोवती फिरतात. चेतातंतूचं टोक जिथे स्नायूला भेटतं ती ही जागा. दोघांच्या मध्ये एक फट असते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही अरुंद. मेंदूचा हुकूम विजेच्या रूपात तंतूच्या टोकापर्यंत येतो, फट मात्र त्याला रसायनाच्या रूपात ओलांडावी लागते. मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा या फटीचा आजार. तो दुर्मीळ आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला त्याचे रुग्ण कारकिर्दीत थोडेच भेटतात. तरीही जुन्नर आणि आंबेगावात काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी प्रश्न निवडताना मी याच आजारापासून सुरुवात केली, कारण इथे याच फटीवर घाला घालणारे आणखी तिघे आहेत आणि ते दुर्मीळ नाहीत: नाग, मण्यार आणि टोमॅटोवर फवारलं जाणारं कीटकनाशक. झुकलेली पापणी घेऊन आलेल्या माणसाच्या फटीत नेमकं काय बिघडलंय, हे ज्याला कळलं त्याला कोणतं इंजेक्शन द्यायचं आणि कोणतं द्यायचं नाही तेही कळलं. मायस्थेनिया समजून घेणं हा तिथे पोचण्याचा सगळ्यात सरळ रस्ता आहे.

पहिला प्रश्न असा रचला आहे. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातली अठ्ठावीस वर्षांची बाई. उन्हाळ्यात घरातली सगळी माणसं हिरडा गोळा करायला जातात, तशी तीही जाते. सकाळी काही त्रास नसतो. झाडाकडे वर बघत फांदी झोडायला लागलं की काही वेळाने डाव्या डोळ्याची पापणी खाली येते आणि मग एकाचे दोन दिसायला लागतात. सावलीत डोळे मिटून पडलं की बरं वाटतं. गेल्या महिन्यापासून रात्रीची भाकरी चावताना अर्ध्यात जबडा थकतो, ती हनुवटीला हाताने आधार देऊन चावते. घरचे म्हणतात, संध्याकाळी हिचं बोलणं नाकातून येतं. हातापायांना मुंग्या नाहीत, कुठे बधिरपणा नाही. गावात तिला रक्त वाढवायच्या गोळ्या मिळाल्या, नंतर चष्मा मिळाला. प्रश्न विचारतो: निदान काय, आणि ते खाटेजवळच कसं पक्कं कराल?

निदानाची किल्ली या वर्णनातल्या वेळेत आहे. कमजोरीची कारणं पुष्कळ असतात. लकवा झालेला हात सकाळी आणि संध्याकाळी सारखाच लुळा असतो. मायस्थेनियातला स्नायू विश्रांतीनंतर जवळजवळ पूर्ण ताकदीने सुरू होतो आणि वापरता वापरता रिकामा होतो. म्हणून तपासणीत एकदा हात दाबून बघणं पुरत नाही, स्नायूला दमवावं लागतं. रुग्णाला मान न हलवता छताकडे बघायला सांगा आणि मिनिटभर तसंच थांबा. निरोगी माणसाच्या पापण्या जागच्या हलत नाहीत. या बाईची पापणी तुमच्या डोळ्यांदेखत मिलिमीटर-मिलिमीटरने खाली येईल, आणि बहुधा एका बाजूला जास्त. मग दोन मिनिटं डोळे मिटायला सांगा, पापणी परत वर जाईल. बाहुल्या दोन्ही सारख्या आणि उजेडाला नीट प्रतिसाद देणाऱ्या असतील, कारण बाहुलीच्या स्नायूंवरचे रिसेप्टर वेगळ्या जातीचे आहेत आणि हा आजार त्यांना हात लावत नाही. ही बाहुलीची गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

आता असं का होतं ते पाहू. तंतूच्या टोकाशी ॲसिटाइलकोलीन नावाचं रसायन इवल्या पिशव्यांमध्ये भरून ठेवलेलं असतं. एका पिशवीत त्याचे हजारो रेणू. एक विद्युत्‌संदेश आला की कॅल्शियम आत शिरतं, काही डझन पिशव्या फटीच्या कडेला येऊन फुटतात आणि रेणू पलीकडे सांडतात. पलीकडे स्नायूच्या घड्या पडलेल्या पृष्ठभागावर रिसेप्टर दाटीवाटीने बसलेले असतात. रेणू चिकटला की रिसेप्टर उघडतो, सोडियम आत येतं, स्नायूतंतूचा विद्युत्‌दाब बदलतो. हा बदल एका ठराविक उंबरठ्याच्या वर गेला तरच तंतू आकसतो. खाली राहिला तर काहीच होत नाही. एकट्या तंतूचं अर्धवट आकसणं नसतं.

निसर्गाने इथे भरपूर राखीव ठेव ठेवली आहे. उंबरठा ओलांडायला जितकं लागतं त्याच्या कितीतरी पट परिणाम निरोगी फटीत प्रत्येक संदेशाला होतो. ही राखीव ठेव चैन नाही, गरज आहे, कारण टोकाशी लगेच फुटायला तयार असलेल्या पिशव्यांचा साठा मर्यादित असतो. एकामागून एक संदेश यायला लागले की पहिल्यापेक्षा दुसऱ्याला, दुसऱ्यापेक्षा तिसऱ्याला थोड्या कमी पिशव्या फुटतात. पहिल्या चार-पाच संदेशांत ही घट होते आणि मग ती स्थिरावते. हे तुमच्या-माझ्याही प्रत्येक स्नायूत चाललेलं असतं. आपल्याला ते जाणवत नाही, कारण घटूनसुद्धा परिणाम उंबरठ्याच्या बराच वर राहतो.

मायस्थेनियात शरीराचीच अँटिबॉडी रिसेप्टरवर चाल करून येते. ती दोन शेजारच्या रिसेप्टरना एकत्र बांधते आणि असे बांधलेले रिसेप्टर स्नायूपेशी नेहमीपेक्षा लवकर आत ओढून नष्ट करते. त्याहून मोठं नुकसान कॉम्प्लिमेंट नावाच्या रक्तातल्या प्रथिनांकडून होतं. अँटिबॉडी बसली की ती प्रथिनं तिथे जमतात आणि स्नायूच्या पृष्ठभागाला भोकं पाडतात. घड्या सपाट होतात, फट रुंदावते. तंतूचं टोक मात्र शाबूत असतं, पिशव्याही पूर्ण भरलेल्या असतात. पाठवणारा धडधाकट आहे, घेणारे कमी उरलेत. राखीव ठेव संपल्यामुळे पहिला संदेश कसाबसा उंबरठा ओलांडतो, आणि तिसऱ्या-चौथ्या संदेशाला पिशव्या नेहमीप्रमाणे थोड्या कमी फुटल्या की काही तंतू उंबरठ्याच्या खाली राहतात. मग आणखी काही. पापणी झुकते. विश्रांतीत पिशव्यांचा साठा पुन्हा भरतो आणि पापणी उठते. म्हणजे थकवा हे या आजाराचं वेगळं असं लक्षण नाही. सगळ्यांमध्ये रोज घडणारी घटच इथे उघडी पडते. विद्यार्थी बहुतेक वेळा इथेच चुकतात. ‘ॲसिटाइलकोलीन कमी तयार होतं’ असा पर्याय समोर दिसला की त्यावर खूण करतात.

मोठ्या रुग्णालयातली विद्युत्‌चाचणी हेच आकड्यात दाखवते. चेतातंतूला सेकंदाला दोन ते तीन या गतीने हलके झटके देतात आणि स्नायूच्या प्रतिसादाची उंची मोजतात. पहिल्यापेक्षा चौथा किंवा पाचवा प्रतिसाद दहा टक्क्यांहून जास्त खाली आला, तर फटीत राखीव ठेव उरलेली नाही. डोळ्यांपासून सुरुवात का होते, याचंही उत्तर इथे सापडतं. पापणी उचलून धरणारा स्नायू आपण जागे असेपर्यंत सतत काम करतो, बुबुळ हलवणाऱ्या स्नायूंना फार वेगाने संदेश येतात, आणि त्यांच्या फटीतली ठेव मुळातच कमी असते.

रिसेप्टर किती कमी झाले हे माणसाने मोजलं कसं, ही हकिकत आपल्या भागातल्या डॉक्टरला जवळची वाटावी अशी आहे. १९६३ साली तैवानमध्ये चँग आणि ली या दोन शास्त्रज्ञांनी तिथल्या पट्टेदार मण्यारीच्या विषातून काही घटक वेगळे केले. हा साप आपल्या मण्यारीचा भाऊबंद, दोघेही बंगारस वंशातले. त्यातला अल्फा-बंगारोटॉक्सिन हा घटक स्नायूवरच्या ॲसिटाइलकोलीन रिसेप्टरला असा चिकटतो की सहजासहजी सुटत नाही. त्याला किरणोत्सारी खूण लावली की जितकं विष चिकटलं तितके रिसेप्टर, असा सरळ हिशोब मिळतो. १९७३ साली अमेरिकेत फॅम्ब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती यांनी मायस्थेनियाच्या रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे घेऊन हा हिशोब केला, तेव्हा निरोगी माणसाच्या तुलनेत ११ ते ३० टक्केच रिसेप्टर उरलेले दिसले. त्याच वर्षी पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विजेच्या ईल माशाचे शुद्ध रिसेप्टर सशांना टोचले. सशांनी त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्या आणि ते मायस्थेनियाच्या रुग्णांसारखे लुळे पडले. आजही रुग्णाच्या रक्तातली रिसेप्टर-विरोधी अँटिबॉडी शोधण्याची रूढ प्रयोगशाळा-चाचणी याच विषाची खूण वापरते. आजार सर्वांगात पसरलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्क्यांत ही अँटिबॉडी सापडते, डोळ्यांपुरताच आजार असेल तर साधारण निम्म्यांत. चाचणी नकारात्मक आली म्हणून आजार नाही, असं लिहिणाऱ्याचे गुण मी कापले आहेत.

औषध मात्र कारण कळण्याच्या कितीतरी आधी सापडलं. १९३४ साली लंडनच्या ग्रिनिच भागातल्या सेंट आल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर ही डॉक्टर काम करत होती. मायस्थेनियाची लक्षणं क्युरारे या बाणांच्या विषाने येणाऱ्या लुळेपणासारखी दिसतात, हे तिच्या ध्यानात आलं. क्युरारेवर फायसोस्टिग्मीन उतारा ठरतं हे आधीच माहीत होतं. तिने ते एका रुग्ण बाईला टोचलं आणि पापणी वर आली. पुढच्याच वर्षी तिने निओस्टिग्मीनचा परिणामही नोंदवला. ती मोठ्या विद्यापीठातली प्राध्यापक नव्हती. एका साध्या रुग्णालयात आजार आणि विषबाधा यांचं साम्य तिला दिसलं आणि तिने त्याचा पाठपुरावा केला. या पुस्तिकेच्या वाचकाकडून मला हीच नजर हवी आहे.

हे औषध काम कसं करतं? फटीत ॲसिटाइलकोलीन सांडलं की तिथेच बसलेलं कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम त्याचे तुकडे करतं. हे इतक्या झपाट्याने होतं की बहुतेक रेणूंना रिसेप्टर गाठायची एकच संधी मिळते. पुढच्या संदेशासाठी फट स्वच्छ व्हावी म्हणून ही घाई असते. निओस्टिग्मीन किंवा पायरिडोस्टिग्मीन या एन्झाइमला काही तास अडवून धरतं. मग रेणू फटीत थोडा जास्त वेळ टिकतो, एका रिसेप्टरवरून सुटून दुसऱ्याला चिकटतो, तिथून तिसऱ्याला. रिसेप्टर तितकेच, पिशव्याही तितक्याच, पण प्रत्येक संदेशाचा परिणाम मोठा आणि लांबलेला. जे तंतू उंबरठ्याच्या जरासे खाली अडकले होते ते पार होतात. हौदाचं उदाहरण घेतलं तर औषध नळ मोठा करत नाही, मोरीला बोळा लावतं. त्यामुळे नळातून पाणी येत असेल तोवरच हौदाची पातळी चढते, आणि नळच बंद असेल तर कितीही बोळे लावून उपयोग नाही.

नागाच्या आणि मण्यारीच्या दंशातला फरक याच एका वाक्यात आहे, आणि तो जुन्नर-आंबेगावात आयुष्यं वाचवतो. नागाच्या विषातले चेताविषारी घटक फटीच्या पलीकडे, रिसेप्टरवर जाऊन बसतात, म्हणजे मायस्थेनियातली अँटिबॉडी जिथे मारा करते तिथेच. पाठवणारं टोक शाबूत असतं. ॲसिटाइलकोलीन वाढवलं की ते त्या विषाशी जागेसाठी झगडू शकतं. मण्यारीच्या विषाचा मुख्य मारा अलीकडे, चेतातंतूच्या टोकावर असतो. त्यातला फॉस्फोलिपेज जातीचा घटक टोकातल्या पिशव्या रित्या करतो आणि टोकच मोडून टाकतो. रेणू सांडतच नाही, मग त्याचं आयुष्य वाढवून मिळणार काय? त्या रुग्णाला टोक नव्याने वाढेपर्यंत दिवसचे दिवस कृत्रिम श्वासावर सांभाळावं लागतं.

आता दुसरा प्रश्न घ्या. ओतूरजवळच्या उसाच्या शेतावरच्या झोपडीत जमिनीवर झोपलेला ऊसतोड कामगार पहाटे पोटात कळ येते म्हणून उठतो. उलटी होते. तासाभरात पापण्या जड होतात, गिळता येत नाही. अंगावर दंशाची खूण नाही, सूज नाही, काही चावल्याचं आठवत नाही. तिसरा प्रश्न: सातगाव पठारावर बटाट्याच्या काढणीत दुपारी हाताला साप चावला, हात सुजला, जागा दुखते आहे आणि अर्ध्या तासात पापण्या झुकल्या. दुसरा प्रश्न मण्यारीचा, तिसरा नागाचा. गोष्ट नीट ऐकली तर साप न बघताही हे सांगता येतं. पण गोष्ट नेहमी इतकी स्वच्छ नसते, म्हणून निओस्टिग्मीनची चाचणी.

ती अशी करावी. प्रतिविष आधी सुरू करायचं, ते चाचणीसाठी थांबत नाही. मग पाया नोंदवायचा: पापणीखाली बुबुळाचा किती मिलिमीटर भाग उघडा दिसतो, वरच्या-खालच्या दातांमध्ये किती अंतर पडतं, रुग्ण एका श्वासात किती आकडे मोजतो, वर किती सेकंद बघू शकतो. प्रौढाला ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपीन शिरेतून आणि १.५ मिलिग्रॅम निओस्टिग्मीन स्नायूत द्यायचं. ॲट्रोपीन यासाठी की ॲसिटाइलकोलीन फक्त याच फटीत नसतं. हृदयात, आतड्यात, लाळेच्या ग्रंथींतही ते काम करतं, आणि एन्झाइम अडवलं की तिथेही वाढून नाडी मंदावते, पोटात पिळवटतं, घशात स्राव भरतो. ॲट्रोपीन त्या जागा झाकतं आणि स्नायूवरचे रिसेप्टर मोकळे ठेवतं. पुढचा तासभर दर दहा मिनिटांनी तीच मापं पुन्हा घ्यायची. आकडे वाढले तर पाठवणारं टोक जिवंत आहे, म्हणजे बहुधा नाग, आणि निओस्टिग्मीन ॲट्रोपीनच्या जोडीने अर्ध्या मिलिग्रॅमच्या डोसात पुढे चालू ठेवता येतं. तासाभरात काहीच हललं नाही तर ते थांबवायचं. तेच औषध पुन्हा पुन्हा देत बसलं की रुग्णाचा घसा स्रावाने भरतो आणि श्वास घ्यायचे स्नायू आधीच दुबळे असतात. फिलिपिन्समध्ये नागदंशाच्या दहा रुग्णांवर झालेल्या एका नेटक्या अभ्यासात, जो १९८६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला गेला, याच कुळातल्या एड्रोफोनियमने औषध नसलेल्या इंजेक्शनपेक्षा स्पष्ट सुधारणा दाखवली. आपल्याकडे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नाग आणि मण्यारीच्या दंशांवर ग्रामीण रुग्णालयातले अनुभव २००४ साली प्रसिद्ध केले. नारायणगावला डॉ. सदानंद राऊत सर्पदंशाचे रुग्ण वर्षानुवर्षं सांभाळत आले आहेत आणि या भागातल्या डॉक्टरांना त्याबद्दल शिकवतही आले आहेत.

मण्यारीच्या रुग्णाबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. तो पूर्ण लुळा पडला की त्याच्या बाहुल्याही विस्फारलेल्या आणि उजेडाला न हलणाऱ्या असू शकतात. मेंदू मेल्यासारखं चित्र दिसतं. मेंदू मात्र जागा असतो, तो सगळं ऐकत असतो. अशा रुग्णाची फुग्याने श्वास देत पुण्याकडे रवानगी करायची असते, आणि त्याच्या खाटेजवळ काय बोलतो याचं भान ठेवायचं असतं.

चौथा प्रश्न कीटकनाशकाचा. नारायणगावच्या टोमॅटो-पट्ट्यात ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली फवारणीची औषधं पोटात किंवा कातडीतून गेलेले रुग्ण प्रत्येक डॉक्टरने पाहिले आहेत. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, जुलाब, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, स्नायूंची फडफड आणि मग कमजोरी. हे विष त्याच कोलिनएस्टरेजला अडवतं. पायरिडोस्टिग्मीन त्याला काही तास अडवून सोडून देतं. हे मात्र इतकं घट्ट बसतं की काही काळाने ते सुटणं जवळजवळ अशक्य होतं. ॲसिटाइलकोलीन फटीत तुंबतं, रिसेप्टर सतत उघडे राहतात आणि सतत उघडा राहिलेला रिसेप्टर शेवटी प्रतिसादच देत नाही. स्नायू पुन्हा लुळा. म्हणजे ॲसिटाइलकोलीनचा परिणाम कमी पडला तरी कमजोरी आणि अति झाला तरी कमजोरी. मायस्थेनियाच्या रुग्णाने गोळ्या मनाने वाढवल्या तर त्याच्या बाबतीत हेच होऊ शकतं. हनुवटी खाली गेलेली आहे, श्वास उथळ झालाय, आणि नातेवाईक म्हणतात ‘गोळी लागू पडत नाही म्हणून दोन-दोन दिल्या’, अशा वेळी आजार वाढलाय की औषध जास्त झालंय? बारीक झालेल्या बाहुल्या, लाळ, जुलाब आणि स्नायूंची फडफड आहे का बघा. ही लक्षणं असतील तर आणखी गोळी देऊ नका. नसतील तरी श्वास दुबळा असताना गोळ्यांचा खेळ करू नका. नळी घालायची तयारी ठेवा आणि पुण्याला पाठवा.

आता हिरडा गोळा करणाऱ्या बाईकडे परत जाऊ. तिच्या झुकलेल्या पापणीवर कापडात गुंडाळलेला बर्फ दोन मिनिटं धरा. थंडीत कोलिनएस्टरेज मंद चालतं, म्हणून पापणी दोन मिलिमीटर किंवा जास्त वर आली तर मायस्थेनियाची शक्यता पक्की होत जाते. या चाचणीला एक पैसा लागत नाही, ॲट्रोपीनही लागत नाही. तिला उन्हात जास्त त्रास होतो यामागेही तेच तापमान असू शकतं. मग रक्ताची अँटिबॉडी चाचणी आणि छातीचा सीटी स्कॅन, कारण अँटिबॉडी असलेल्या तरुण रुग्णांत छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी बहुधा वाढलेली असते आणि एकूण रुग्णांपैकी दहा ते पंधरा टक्क्यांत तिची गाठ असते. वय पासष्टपर्यंत असेल, अँटिबॉडी सापडली असेल आणि गाठ नसली तरीही थायमस काढून टाकण्याने स्टेरॉइडची गरज घटते, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं. गोळी पायरिडोस्टिग्मीनची, ६० मिलिग्रॅम. परिणाम साधारण अर्ध्या-पाऊण तासात दिसतो आणि तीन-चार तास टिकतो, म्हणून तिला जेवणाच्या अर्धा तास आधी गोळी घ्यायला सांगा. भाकरी चावता येईल.

पण या गोळीने आजार जात नाही. अँटिबॉडी तयार होतच राहतात, रिसेप्टर नष्ट होतच राहतात. एन्झाइम अडवून फक्त उरलेल्या रिसेप्टरकडून जास्त काम करून घेतलं जातं. ज्या तंतूचे रिसेप्टर जवळजवळ संपले त्याला याने काही फायदा नाही. रोग दाबायचा तर स्टेरॉइड आणि रोगप्रतिकारशक्ती आवरणारी औषधं लागतात, आणि स्टेरॉइड जास्त डोसात सुरू केलं तर पहिल्या काही दिवसांत कमजोरी वाढू शकते, म्हणून ते काम मज्जातज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावं. थोड्या रुग्णांत अँटिबॉडी रिसेप्टरविरुद्ध नसते, रिसेप्टरना एका जागी जमवून ठेवणाऱ्या मस्क नावाच्या प्रथिनाविरुद्ध असते. चेहरा, जीभ आणि मान प्रामुख्याने दुबळी झालेल्या अशा रुग्णाला पायरिडोस्टिग्मीनने फारसा उपयोग होत नाही, उलट स्नायू फडफडतात आणि पोट बिघडतं. ‘गोळीने फरक पडला नाही, म्हणून मायस्थेनिया नाही’ हा निष्कर्ष त्यामुळे चुकीचा ठरतो.

आणि एक यादी भिंतीवर लावण्याजोगी. जेंटामायसिन, अमिकासिन, सिप्रोफ्लोक्सासिन, ॲझिथ्रोमायसिन, प्रोप्रानोलॉल ही औषधं या फटीतला संदेश आणखी कमकुवत करू शकतात. यातली दोन-तीन तरी प्रत्येक दवाखान्याच्या कपाटात असतातच. सगळ्यात धोक्याचं शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम सल्फेट, कारण ते तंतूच्या टोकात शिरणारं कॅल्शियम अडवून पिशव्यांचं फुटणं कमी करतं. मायस्थेनिया असलेली गरोदर बाई झटके येतील या भीतीने बाळंतपणाच्या वॉर्डात आली आणि नेहमीच्या सवयीने मॅग्नेशियम दिलं गेलं, तर श्वास थांबू शकतो. हिरडा गोळा करणाऱ्या बाईचं वय लक्षात घ्या. तिच्या कागदावर हे आधीच, ठळक अक्षरात आणि मराठीत लिहून द्या. ती घोडेगावला जाईल, मंचरला जाईल, कदाचित दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल, तिथे तो कागद बोलेल.

प्रश्न सोडवताना माझी एकच विनंती आहे. उत्तरांची पानं उघडण्याआधी प्रत्येक रुग्णासाठी कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहा: बिघाड फटीच्या अलीकडे, पलीकडे की मधल्या एन्झाइममध्ये, बाहुल्या कशा आहेत, आणि एका श्वासात रुग्ण किती आकडे मोजतो. पंधराच्या आत आकडा अडला तर औषधाचं नाव लिहिण्याआधी रुग्णवाहिकेला फोन करा.